लाइनअप यायच्या आधी लावायचं की नंतर? लेस्टरच्या भाच्यासाठी लिहिलेलं, बाकीच्यांनीही वाचा

भाचा गेल्या वर्षी लेस्टरला गेला, आणि मी जिथे अकरा वर्षं काढली तिथून जेमतेम दोन बसस्टॉपवर राहतो. परवा त्याचा मेसेज आला, मामा टीम न्यूज यायच्या आधी भाव चांगला असतो असं सगळे म्हणतात, तू काय करायचास. मी आधी त्याला विचारलं किती लावतोस, तर म्हणाला दहा पाउंड, वीस पाउंड, शनिवारी एखादी फुटबॉलची मॅच. ठीक आहे म्हटलं, तेवढ्यावर बोलता येईल. इथे बडोद्यात बसून वाचणाऱ्यांनी मात्र हे फक्त भाव कसा हलतो याची गंमत म्हणून वाचावं, कारण आपल्याकडे ऑनलाइन पैसे लावायचे खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झालेत आणि नाक्यावरचा बुकी तर त्याआधीपासूनच बेकायदा आहे. मी स्वतः परत आल्यापासून एक रुपया लावलेला नाही. तिथे कायदेशीर होतं, तेव्हा लावायचो.

भाव म्हणजे काय, १.९५ आणि २.२० यात फरक काय, एक्स्चेंजवर लावणारा कोण आणि खाणारा कोण, हे माहीत आहे असं धरून चालतो. थेट मुद्द्यावर येतो.

आधी लावा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की समजा घरच्या संघाचा मुख्य स्ट्रायकर खेळेल की नाही याची शंका आहे, शुक्रवारच्या प्रेस कॉन्फरन्समध्ये मॅनेजर नेहमीसारखं "उद्या सकाळी बघू" म्हणाला, तर आत्ता भाव २.०२ आहे आणि उद्या तो खेळतोय असं कळलं की १.९५ होईल, मग आत्ताच का नाही घ्यायचा. ऐकायला बरोबर वाटतं. मीही दोन सीझन हेच करत होतो. यात लपलेली गोष्ट अशी की तो २.०२ काही कुणी झोपेत लिहिलेला भाव नाहीये. शंका त्याच्यात आधीच मिसळलेली आहे, उसळीत तर्री मिसळलेली असते तशी, वरून वेगळी दिसत नाही एवढंच.

एकदा हिशोब करून बघ. तो खेळला तर संघाचा खरा भाव १.९५ आहे असं समज, म्हणजे जिंकायची शक्यता साधारण ५१ टक्के. नाही खेळला तर २.२०, म्हणजे साधारण साडेपंचेचाळीस टक्के. आणि तो खेळायची शक्यता बाजार सत्तर टक्के धरतोय. मग ५१ चे सत्तर टक्के आणि साडेपंचेचाळीसचे तीस टक्के मिळून साडेएकोणपन्नासच्या आसपास येतात, आणि त्याचा भाव होतो २.०२. तोच शुक्रवारी रात्री दिसत होता. म्हणजे आधी लावणारा दहापैकी सात वेळा थोडं कमावतो (२.०२ घेतला, १.९५ झाला) आणि तीन वेळा बरंच गमावतो (२.०२ घेतला, २.२० झाला), आणि शेवटी सगळं बरोबरीत सुटतं. सात वेळचं "बघ मी आधीच घेतला होता" लक्षात राहतं, तीन वेळचं माणूस विसरतो. मी तर विसरायचोच.

म्हणून "आधी भाव चांगला असतो" हे वाक्यच मला पटत नाही. आधीचा भाव चांगला तेव्हाच, जेव्हा बाजार सत्तर टक्के म्हणतोय आणि तुला कुठूनतरी पक्कं माहितीये की ते नव्वद आहे. आणि ते कुठून माहीत असणार? ट्रेनिंगच्या फोटोत तो दिसला नाही, क्लबच्या गावातल्या कुणा पत्रकाराने काही लिहिलं, कुणीतरी टीमच्या हॉटेलबाहेर उभं राहून पोस्ट टाकली, हे सगळं तुझ्याआधी हजार लोकांनी वाचलेलं असतं. फँटसी फुटबॉलवाल्यांची डेडलाइन गेमवीकच्या पहिल्या मॅचच्या दीड तास आधी असते, त्यामुळे लीक शोधणाऱ्यांची फौजच असते तिकडे. लेस्टरमध्ये बसून तुला त्यांच्या आधी कळेल अशी बातमी एकच, तुझ्या वेअरहाउसमध्ये कोण रजेवर आहे ती.

आता जिच्यामुळे मी कायमची बाजू बदलली ती गोष्ट सांगतो. हरलेल्या पैशापेक्षा तिचा वैतागच मला जास्त झाला.

मी एक्स्चेंजवर खेळायचो. तिथे तू तुझा भाव मागून ठेवू शकतोस, कुणी दिला तर पैज लागते, नाही दिला तर पडून राहते. मला वाटायचं ही तर फारच शहाणपणाची सोय आहे, भाजीवाल्याकडे कसं आपण म्हणतो वीसला देतोस तर दे नाहीतर राहू दे, तसं. तर एका डिसेंबरच्या शनिवारी माझी दुपारची शिफ्ट होती. सकाळी अकराला भाव २.०४ चालू होता, मी २.१० ला तीस पाउंड मागून ठेवले आणि डबा घेऊन बसमध्ये बसलो. शिफ्टला फोन लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. तीनची मॅच होती आणि त्या काळी प्रीमियर लीगची यादी तासभर आधी यायची, म्हणजे दोनला. चारच्या ब्रेकला फोन काढला तर पैज लागलेली. मी खूश, म्हटलं वा, २.१० मिळाला. मग वेळ बघितली. दोनला काही सेकंद असताना लागली होती. मग यादी बघितली, स्ट्रायकर बाहेर, बेंचवरही नाही. मग भावाचा ग्राफ बघितला, दोन वाजून एका मिनिटाला तो २.२२ ला पोचला होता.

म्हणजे झालं असं की ज्याला बातमी कळली त्याने आधी बाजारात बघितलं, जुन्या भावात कोण उघडं पडलंय, तर मी पडलोय, २.१० मागून वेअरहाउसमध्ये खोकी मोजतोय. त्याने मला जे द्यायचं ते देऊन टाकलं. माझ्या हातात २.१० ची पैज, आणि तीच गोष्ट एका मिनिटाने बाजारात २.२२ ला मिळत होती. मॅच १-१ सुटली, तीस पाउंड गेले, पण ते सोड, जिंकलो असतो तरी तीन पाउंड साठ पेन्स कमी मिळाले असते आणि मला ते कळलंही नसतं.

आणि खरी गोम पुढे आहे. तो स्ट्रायकर खेळला असता तर? भाव १.९५ कडे खाली गेला असता, आणि माझी २.१० ची मागणी तशीच पडून राहिली असती, कुणीच दिली नसती. म्हणजे बातमी माझ्या बाजूची आली की माझी पैज लागतच नाही, आणि विरुद्ध आली की सगळ्यात पहिली माझीच लागते. मघाच्या हिशोबात निदान सात वेळा फायदा आणि तीन वेळा तोटा असं वाटप होतं, इथे सातच्या सात फायदे हवेत विरले आणि तीन तोटे मात्र नक्की. मी मग घरी येऊन जुन्या पैजा चाळल्या, त्या डिसेंबरात मागून ठेवलेल्यांपैकी सहा लागल्या होत्या, त्यातल्या पाच यादी यायच्या आसपासच्या दहा मिनिटांत लागलेल्या, आणि पाचही वेळा भाव माझ्या विरुद्ध गेलेला. सहा म्हणजे काही मोठा आकडा नाही मान्य आहे, कुणी म्हणेल योगायोग. पण ते बघितल्यावर मला जो वैताग आला तो अजून गेलेला नाही. बायको म्हणाली होती, चोराच्या वाटेत पाकीट ठेवून कामाला जातोस आणि मग म्हणतोस गेलं.

आता कुणी म्हणेल हा एक्स्चेंजचा दोष झाला, बुकीकडे आधी लाव, तिथे पैज लागली म्हणजे लागली. खरंय, तिथे असं कुणी तुला पडल्या पडल्या उचलत नाही. तिथला त्रास वेगळा. मी एका बुकीकडे, नाव नाही घेत, सोमवार-मंगळवारीच भाव घ्यायचो. तेव्हा दोन गोष्टी असतात, एक म्हणजे त्याचा स्वतःचा कट जाड असतो कारण त्यालाही अजून काही माहीत नसतं, आणि दुसरं म्हणजे तो मोठी रक्कम घेत नाही. वीस पाउंडवाल्याला दुसऱ्याचं काही नाही. पण तीन-चार आठवडे लागोपाठ मी घेतलेला भाव शनिवारपर्यंत खाली गेला, २.३० ला घेतला तो २.०५ वर संपला असं. मी एकूणात हरतच होतो बरं का, तरी एका सकाळी वीस पाउंड टाकायला गेलो तर स्क्रीनवर आलं, जास्तीत जास्त १ पाउंड ८७ पेन्स. अकाउंट चालू, हात बांधलेले. कारण ते लोक तू जिंकलास की हरलास ते बघत नाहीत, मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव आणि तू घेतलेला भाव यातला फरक बघतात. म्हणजे आधी लावण्यात तू वाईट असशील तर पैसे जातात आणि चांगला असशील तर अकाउंट जातं. मला हे काही फार आकर्षक वाटलं नाही.

गोल कोण मारणार यावर लावणाऱ्यांसाठी मात्र आधी लावायची बाजू थोडी बरी आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. तुझा माणूस मॅचमध्ये अजिबात उतरला नाही तर बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळतात, म्हणजे वाईट बातमीचा तोटा तुझा नाही. पण तो बेंचवर बसला आणि ८३ व्या मिनिटाला उतरला तर "कधीही गोल" वाली पैज चालू धरतात, आणि तू नव्वद मिनिटांचा भाव देऊन सात मिनिटं घेतलेली असतात. नियम बुकीगणिक थोडे वेगळे असतात, ते वाचून घे. माझ्या नशिबी तो ८३ व्या मिनिटवालाच यायचा.

आता नंतरची बाजू. तिचेही नखरे आहेत, नाही असं नाही.

२०२४-२५ पासून प्रीमियर लीगची यादी ७५ मिनिटं आधी येते, म्हणजे तीनच्या मॅचची पावणेदोनला. आमच्याकडे थंडीत ती मॅच रात्री साडेआठला, आणि यादी सव्वासातला, म्हणजे नेमकी दिवेलागणीला. मी अजूनही त्या वेळेला फोन घेऊन बसतो, नुसतं बघायला. पहिलं मिनिट म्हणजे मांडवीत दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी गाडी घालण्यासारखं आहे, घालू नये. बुकी ज्या ज्या बाजारावर परिणाम होणार ते बंद करतो, एक्स्चेंजवरचा भाव दोन उड्या मारतो, तू बटण दाबलंस की "भाव बदलला आहे" येतं, परत दाबलंस की परत येतं, आणि तिसऱ्यांदा घाईत तू कुठलाही भाव मान्य करून बसतोस. तिथे ज्यांची प्रोग्रॅम लावलेली मशीनं आहेत त्यांच्याशी अंगठ्याने शर्यत लावायची नाही.

आणि गंमत म्हणजे भाव बऱ्याचदा यादीच्या पाच-दहा मिनिटं आधीच हलायला लागतो. यादी काही आकाशातून पडत नाही, आधी ती खेळाडूंना माहीत असते, मग स्टाफला, मग कुणाच्या तरी भावाला. त्यामुळे पावणेदोनला अधिकृत यादी आली तेव्हा भाव जिथे जायचा तिथे निम्मा पोचलेला असतो. कधी कधी यादी येते आणि भाव उलटा परत फिरतो, कारण लीक खोटं होतं.

मग नंतर म्हणजे कधी? माझा ठरलेला वेळ होता यादीनंतर पंधरा-वीस मिनिटं. तोपर्यंत धूळ बसते, आणि मॅचच्या आधीच्या शेवटच्या तासात बाजारात सगळ्यात जास्त पैसा असतो, त्यामुळे लावायच्या आणि खायच्या भावातली फट अगदी बारीक होते, बुकीचा कटही पातळ झालेला असतो. मंगळवारी जिथे तीन निकालांच्या भावांची बेरीज करून पाच-सहा टक्के वर निघायचे तिथे शनिवारी दुपारी तीनच्या आसपास निघताना मी बघितलेत, बुकीप्रमाणे कमीजास्त. हा फरक छोटा दिसतो पण तो प्रत्येक पैजेवर आहे, आणि त्यासाठी तुला कुठलीही गुप्त बातमी लागत नाही, फक्त थांबावं लागतं.

त्या पंधरा मिनिटांत मी एकच गोष्ट बघायचो. घरच्या संघाचा भाव वर गेला, बरं, पण गोलांच्या बाजाराचं काय झालं? अडीचपेक्षा जास्त गोल होतील याचाही भाव वर गेला असेल तर बाजार म्हणतोय की गोल मारणारा गेला. घरच्या संघाचा भाव वर गेला पण जास्त गोलांचा भाव खाली आला तर बाजाराला मागची फळी नाहीतर गोलकीपर खटकलाय. आणि घरच्या संघाचा भाव हलला पण गोलांचा बाजार ढिम्म, तर बहुधा कुणीतरी मोठी रक्कम टाकलीये, बातमी वगैरे काही नाही, अशा वेळी थोडं थांबलं तर भाव पुष्कळदा परत येतो. नेहमी नाही. पण यादी वाचण्यापेक्षा हे वाचणं मला सोपं गेलं, कारण चौथ्या क्रमांकाचा सेंटरबॅक किती महत्त्वाचा हे मला काय कळणार, पण बाजाराला कळतं.

माझा एक समज आहे, सिद्ध करून दाखवता येणार नाही. मोठं नाव बाहेर असलं की भाव जरा जास्तच हलतो, आणि नाव नसलेले दोन डिफेंडर एकदम बदलले तर जरा कमी हलतो. कारण नाव सगळ्यांना दिसतं. यावर मी काही वेळा जिंकलो आणि जवळपास तितक्याच वेळा तोंडावर पडलो, त्यामुळे यावर घर बांधू नकोस.

यादीने भाव सगळ्यात जास्त कुठे हलतो ते लक्षात ठेव, म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल. जानेवारीतली एफए कपची तिसरी फेरी, मोठे क्लब अर्धा संघ बदलतात. नाताळाच्या आसपासचा मॅचांचा रतीब. युरोपातल्या मोठ्या मॅचच्या तीन दिवस आधीची साधी लीग मॅच. सीझनच्या शेवटी, जिथे एका संघाला काहीच मिळवायचं उरलेलं नाही. या चार ठिकाणी आधी लावणं म्हणजे कोण खेळणार हे माहीत नसताना दोन संघांची नुसती नावं वाचून लावणं. उलट ऑक्टोबरातली सरळ मॅच, दोन्हीकडे कुणी जखमी नाही, अकरापैकी दहा नावं आपल्यालाही सांगता येतात, तिथे आधी काय आणि नंतर काय, भाव जागचा हलत नाही. तिथे आधी लावलंस तरी मी काही म्हणणार नाही.

आणि नंतरची यादी म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही. १९९८ च्या वर्ल्ड कप फायनलला ब्राझीलच्या पहिल्या यादीत रोनाल्डोचं नावच नव्हतं, त्याच्या जागी एडमुंडो, आणि मग थोड्या वेळाने सुधारलेली यादी आली त्यात रोनाल्डो. वॉर्मअपमध्ये पाय धरून बसणारे तर दर महिन्याला एक-दोन सापडतात. म्हणून मी पंधरा-वीस मिनिटांनी लावायचो तरी पूर्ण रक्कम नाही, अर्धी तेव्हा आणि अर्धी मॅच सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी, संघ बोगद्यात उभे राहिले की.

भाच्याचा पुढचा प्रश्न अर्थातच क्रिकेट. तिथे प्रकरण जरा वेगळं आहे. यादी टॉसबरोबर येते, मॅचच्या अर्धा तास आधी, त्यामुळे भाव हलला तो टॉसमुळे की संघामुळे हे वेगळं काढता येत नाही. रात्री दव पडणारं मैदान असेल तर टॉसच सगळं खाऊन टाकतो. समज टॉस जिंकला तर १.८०, हरला तर २.०२, मग टॉसच्या आधी तुला १.९० च्या आसपास दिसणार, कारण नाणं निम्मं निम्मं. तिथे आधी लावणारा संघाच्या यादीबरोबर नाण्यावरही लावतोय, फुकटात. त्यात आयपीएलमध्ये २०२३ पासून कॅप्टन टॉस झाल्यावर संघ देतो, खिशात दोन याद्या घेऊन येतो, आणि वर इम्पॅक्ट प्लेअर. त्यामुळे तिथल्या अकराच्या यादीत पूर्वीइतका अर्थ राहिला नाही, मुख्य बॅट्समन यादीत दिसला नाही म्हणून भाव उसळला आणि पाहिलं तर तो पर्यायी खेळाडूंत बसलाय, चेस करायला येणारच आहे. हे टीव्हीवर पर्यायांची नावं दाखवतात तोपर्यंत न थांबलेल्यांना कळत नाही.

आणि क्रिकेटमध्ये एक माणूस बाहेर जाणं म्हणजे एकच माणूस बदलणं नसतं. आपल्या बडोद्याच्या हार्दिकचंच घे. २०२३ च्या वर्ल्ड कपला १९ ऑक्टोबरला पुण्यात बांगलादेशविरुद्ध घोटा मुरगळला, दुसऱ्या दिवशीच कळलं की न्यूझीलंडची मॅच खेळणार नाही. आमच्या दांडिया बाजारात त्या संध्याकाळी सुतकच. म्हणजे २२ तारखेला धरमशालेत तो नाही ही बातमी दोन दिवस जुनी, भावात केव्हाच जिरलेली. टॉसला नवं काय होतं तर त्याच्या जागी कोण, आणि तिथे भारताने एकाऐवजी दोन बदलले, हार्दिक आणि शार्दूलच्या जागी सूर्यकुमार आणि शमी. बॅटिंगला एक, बॉलिंगला एक. शमीने त्या दिवशी ५४ धावांत पाच काढले आणि आपण चार विकेटने जिंकलो. "हार्दिक नाही" एवढ्यावर ज्याने शुक्रवारी भारताविरुद्ध लावलं असेल त्याने अर्धीच बातमी वाचली होती. बाहेर कोण हे आधी कळतं, आत कोण हे टॉसला.

तर आधी लावणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. छोट्या लीगमध्ये, जिथे बुकीने भाव काढून ठेवलाय आणि कुणी बघत नाही, तिथे गावातला माणूस खरोखर आधी शहाणा असू शकतो. माझा एक सहकारी खालच्या डिव्हिजनमधल्या त्याच्या गावच्या क्लबवरच लावायचा, मैदानाच्या मागेच त्याचं घर, कोण लंगडतोय ते त्याला खिडकीतून दिसायचं. त्याला फक्त एवढंच, पाच पाउंडच्या वर कुणी घ्यायचं नाही.

तू तो माणूस नाहीस, मीही नव्हतो. म्हणून भाच्याला लिहिलं ते असं, शनिवारी तीनच्या मॅचवर एक्स्चेंजला काही मागून ठेवलं असशील तर सव्वाला सगळं काढून टाक, पावणेदोनला नाही, सव्वाला, लीकवाले घड्याळ बघून येत नाहीत. यादी येऊ दे, चहा कर, दोनच्या पुढे परत उघड, गोलांचा बाजार कुठे गेला बघ आणि तोपर्यंत लावावंसं वाटत असेल तर लाव. त्याचा उलटा मेसेज आला, मामा पण दोनच्या पुढे बघितलं तर बहुतेक वेळा लावावंसंच वाटत नाही. मी म्हटलं हो, माझंही तसंच व्हायचं, शेवटच्या सीझनला महिन्यात दोनच पैजा झाल्या होत्या. त्यावर त्याने अंगठा पाठवलाय. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो का अजून, हे विचारायचं राहिलं.